आज उशीर होणार, जेवणाचं बदलावं लागेल: नवऱ्याला किंवा बायकोला कसं सांगायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी जास्त. दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र आणि २० तारखेला कर भरायचं विवरणपत्र, त्यामुळे महिन्यातून तीन-चार संध्याकाळी मला घरी उशीर होतो. मार्चमध्ये तर विचारायलाच नको. घर विश्रामबागला. हे मिरजेच्या एका शाळेत शिकवतात, सासूबाई आमच्याजवळ असतात, मुलगा आठ वर्षांचा आहे. ऑफिसात नवीन लागलेल्या मुली आणि मुलं मला जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची नुकतीच लग्नं झाली आहेत. उशीर होण्याचं त्यांना फारसं काही वाटत नाही. तो घरी सांगताना जी कुरबुर होते, तिचा त्यांना त्रास होतो.

किती वाजता सांगावं?

कणीक मळायच्या आत. याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नाही.

घरात कोण स्वयंपाक करतं आणि तो कुठल्या क्रमाने होतो, हे आठवून बघा. आमच्याकडे सहाच्या सुमाराला डाळ-तांदळाचा कुकर लागतो. सात वाजता हे भाजी चिरायला बसतात आणि साडेसात-पावणेआठला आई भाकरीला बसतात. मी सहाच्या आत फोन केला तर काहीच बिघडत नाही, तांदूळ वाटीभर कमी धुतले जातात. सातला केला तरी निभतं. आमटी उरली तर सकाळी उकळून घेता येते. गव्हाची कणीक भिजवून झाली असेल तर झाकून फ्रीजमध्ये ठेवली की सकाळच्या डब्याला चालते, जराशी काळी पडते एवढंच. ज्वारीच्या पिठाचं तसं नाही. ते गरम पाण्यात मळायचं आणि लगेच थापायचं, ठेवलं की भाकरीला चिरा पडतात. आणि झालेली भाकरी तासाभरात कडक होते. म्हणून आठ वाजता फोन आला तर आईंच्या समोर परातीत मळलेला गोळा असतो आणि तव्यावर माझ्या वाटणीची भाकरी असते. त्या काही बोलत नाहीत, पण गॅस बारीक केल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू येतो.

उशीर मला दोन्ही दिवशी सारखाच होतो, घरी पोचायची वेळही तीच असते. तरीही सहाला सांगितलेला उशीर ही नुसती बातमी असते आणि आठला सांगितलेल्या उशिरात कुणाची तरी मेहनत वाया गेलेली असते. गोड शब्द शोधायच्या आधी घड्याळ बघा, असं मी त्यासाठीच सांगते.

अडचण अशी, की सहा वाजता आपल्यालाही नक्की माहीत नसतं. “बघू, कदाचित आटपेल” असं म्हणत आपण थांबतो, आणि साडेसात कधी वाजतात कळत नाही. मी आता साडेपाचला चहा येतो तेव्हा टेबलावरच्या फायली मोजते. तीनपेक्षा जास्त उरल्या असतील तर कपातला चहा संपायच्या आत घरी कळवते. एखाद्या दिवशी काम लवकर संपतं आणि मी वेळेत घरी पोचते. त्यावर आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

फोन करावा की मेसेज टाकावा?

घरी नेहमीचंच जेवण असेल आणि तासभरच उशीर असेल तर मेसेज पुरतो. काही ठरलेलं मोडत असेल, म्हणजे बाहेर जायचं असेल, पाहुणे येणार असतील, तुमच्यासाठी मुद्दाम काही केलेलं असेल, तर फोनच करा. अशी गोष्ट लिहून कळवली की समोरच्याला वाटतं, बोलायचंही टाळलं.

मेसेज टाकलात तर तो वाचला गेला का, हे पाहणंही तुमचंच काम. स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे हात पिठात असतात आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर आलं नाही तर फोन लावा. “मी मेसेज टाकला होता की!” हे वाक्य घरी येऊन म्हणायची वेळ येऊ देऊ नका. ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याला चुकीचं वाटतं.

नेमके शब्द कोणते वापरावेत? मी सरळच बोलतो, तरी तिला तुसडं वाटतं.

हा प्रश्न मला आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने विचारला होता. मी त्याचा फोन दाखव म्हटलं. त्यात लिहिलं होतं, “उशीर होईल. जेवून टाक.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बायको उपाशी राहू नये, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

पण आपल्या भाषेत “टाक” हे कशाला लावतो बघा. कपडे धुवून टाक, बिल भरून टाक, एकदाचं उरकून टाक. जे डोक्यावरून उतरवायचं असतं त्याला आपण “टाक” लावतो. “जेवून घे” म्हटलं की त्यात तुझ्यासाठी, तुझ्या सोयीने, असा अर्थ येतो. एका क्रियापदाचा फरक, पण कान तो बरोबर टिपतात. आणि “जेवून घे” सुद्धा एकटंच लिहिलं तर हुकूम वाटतो. त्याच्या पुढेमागे तुमचा स्वतःचा काहीतरी बेत आला पाहिजे, म्हणजे मी कधी येणार आणि माझ्या जेवणाचं काय.

मी त्याला त्याच मेसेजचं असं करून दिलं: “अगं, आज दोन फायली अडकल्यात, साडेनऊ होतील मला. तू आठला जेवून घे, भूक काढू नकोस. माझं ताट झाकून ठेव, मी आल्यावर गरम करून घेतो.” यात एकही लाडिक शब्द नाही. पण कारण आहे, वेळ आहे, तिने कधी जेवायचं याची काळजी आहे आणि तिला पुन्हा उठावं लागणार नाही याची हमी आहे. तिला उलट विचारायला काही उरलंच नाही. नाहीतर “उशीर होईल” एवढं वाचून समोरच्याला चार प्रश्न पडतात: किती उशीर, थांबू का, तुझ्यापुरतं ठेवू का, काही खाल्लंस का. आणि ते विचारले की आपण कामात असल्याने वैतागून उत्तर देतो. बऱ्याच घरांतलं भांडण त्या चार प्रश्नांच्या उत्तरांमुळे होतं, उशिरामुळे फार थोडं.

आणखी काही वाक्यं जपून वापरावीत. “माझी वाट बघू नकोस” हे प्रेमाने म्हटलेलं असलं तरी मेसेजमध्ये तोडून टाकल्यासारखं दिसतं. त्याऐवजी “माझ्यासाठी थांबून उपाशी राहू नकोस” म्हणा, म्हणजे काळजी कोणाची आहे ते कळतं. “बघू” हा शब्द तर घरी सांगताना नकोच. आपल्याकडे “बघू” म्हणजे अर्धा नकार, आणि तो ऐकणारा माणूस थांबावं की जेवावं या विचारात अडकून बसतो. “ऑफिसचं आहे, तुला नाही कळायचं” हे मात्र कितीही घाईत असलात तरी नको. कारण एका वाक्यात सांगता येतं. “एका व्यापाऱ्याची बिलं आत्ता आली, आज शेवटची तारीख आहे, उद्या भरलं तर दंड लागतो” असं सांगितलं की आमच्या आईंनासुद्धा कळतं, आणि त्या दुसऱ्या दिवशी विचारतातही, “भरलं का गं त्यांचं?”

“आलोच”, “निघतेच आहे” असं सांगितलं तर काय बिघडतं? समोरच्याला बरं वाटतं.

दहा मिनिटं बरं वाटतं. “आलेच” हे रूपच भूतकाळी आहे, म्हणजे जणू मी पोचलेच. घरच्याने ते ऐकून तवा चढवलेला असतो. आमच्याकडे एकदा मी “निघतेच आहे” असं पावणेनऊला म्हणाले, आणि मग ओटीपी येईना, साइटवरचं चक्र फिरत राहिलं. मला निघायला साडेनऊ झाले. ह्यांनी माझ्यासाठी अंडाकरी गरम करून दोनदा उतरवली होती. त्या दिवशी ते रागावले नाहीत. पण नंतर दोन महिने मी “निघाले” म्हटलं की ते विचारायचे, “गाडीवर बसलीस का?” एक खोटी वेळ सांगितली की पुढच्या खऱ्या वेळांवरचाही विश्वास उडतो, तो असा.

तेव्हापासून मी “निघाले” हा शब्द हेल्मेट हातात घेतल्यावरच वापरते.

किती वेळ लागेल हे मलाच माहीत नसेल तर?

लांबची वेळ सांगा. मनाला जे वाटतं, त्यात पाऊण तास मिळवून सांगा. नऊ वाटत असतील तर पावणेदहा म्हणा. पावणेदहा सांगून सव्वानऊला आलेल्या माणसाचं स्वागत होतं, साडेआठ सांगून सव्वानऊला आलेल्याला जाब विचारला जातो.

अजिबातच अंदाज नसेल तर पुढचा निरोप कधी देणार ती वेळ सांगा. “आत्ता काहीच सांगता येत नाही, पण साडेआठला मी स्वतः फोन करते, तोवर तुम्ही सगळे जेवून घ्या.” मग साडेआठला तो फोन करायचाच, काम संपलेलं नसलं तरी, सांगायला नवीन काही नसलं तरी. त्या फोनवरच सगळं अवलंबून असतं. मी मोबाइलवर गजर लावते.

हॉटेलात जायचं ठरलं होतं आणि तेच मोडावं लागलं, तर?

हा सगळ्यात अवघड प्रसंग आहे, आणि तो का अवघड आहे हे नीट समजून घेतलं पाहिजे. घरचं जेवण चुकतं तेव्हा घरात अन्न जास्त होतं. बाहेरचं जेवण चुकतं तेव्हा घरात अन्नच नसतं. दुपारची भाजी मुद्दाम संपवलेली असते, कुकर लावलेला नसतो, मूल संध्याकाळी “आता काही खायचं नाही, रात्री हॉटेलात जायचंय” म्हणून उपाशी असतं. अशा वेळी “अहो, आज नाही जमणार, पुन्हा कधीतरी जाऊ” म्हटलं, की माफी मागून झाली असं आपल्याला वाटतं. तिकडे रात्रीच्या जेवणाचा आख्खा प्रश्न दुसऱ्याच्या अंगावर पडलेला असतो.

आमच्याकडे घडलेलंच सांगते. एका शुक्रवारी मिरज रोडवर अख्खा मसूर आणि रोटी खायला जायचं ठरलं होतं. मुलाच्या चाचणी परीक्षा संपल्या होत्या, त्याने दोन दिवस आधीपासून घोकत ठेवलं होतं. आठला निघायचं होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी एक बेदाण्याचे व्यापारी पिशवीभर बिलं घेऊन आले. तारीख २० होती. मी बिलं चाळली, नव्वदच्या आसपास होती. नोंदी करायच्या, खरेदीचा मेळ घालायचा, चलन काढायचं, म्हणजे नऊच्या आत सुटका नाही हे मला लगेच कळलं.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. ह्यांनी उचलल्यावर आधी विचारलं, “आत्ता बोलता येईल का दोन मिनिटं?” मग थेट मुद्द्यावर आले. “अहो, वाईट बातमी आहे. आजचं आठ वाजताचं माझं जमत नाही. शेवटची तारीख आहे आणि बिलं आत्ता आली, नऊ वाजतील निघायला. मलाही वाईट वाटतंय, मी सकाळपासून त्याच मूडमध्ये होते.”

ते गप्प राहिले. इथे आपल्याला ती शांतता भरून काढावीशी वाटते, कारणं द्यावीशी वाटतात. मी थांबले. मग ते म्हणाले, “सोनू तयार होऊन बसलाय गं.”

मी म्हणाले, “हो ना. त्याच्याशी मीच बोलते, तुमच्यावर नको ते. मला तीन गोष्टी सुचतात, तुम्हाला कुठली सोयीची वाटते सांगा. तुम्ही तिघं आठला जा, मी ऑफिसातून सरळ तिथे येते, फार तर शेवटची रोटी मिळेल मला. नाहीतर मी आत्ताच तिथे फोन करून पार्सल सांगून ठेवते, तुम्ही आठला जाऊन आणा. किंवा आज घरी खिचडी लावा आणि रविवारी आठला जाऊ, रविवारी मला काही काम नाही.”

त्यांनी आईंना विचारलं. आईंना उशिरा जेवण सोसत नाही आणि माझ्याशिवाय जाण्यात त्यांना रस नव्हता. ठरलं असं, की आज पार्सल आणि रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं. पार्सल मी सांगितलं, पैसेही मीच फोनवरून पाठवले, म्हणजे ह्यांना फक्त जाऊन पिशवी उचलायची होती. मग मुलाशी बोलले. त्याला “बाळा, सॉरी” वगैरे फार म्हटलं नाही. “आज मसूर घरी येणार, आणि रविवारी आपण जाऊ तेव्हा रोटी भट्टीतून काढताना बघायला तुला काउंटरपाशी नेते” असं सांगितलं. तो म्हणाला, “रविवारी नक्की?” मी म्हणाले, “नक्की, आठ वाजता.”

हा सगळा फोन सहा-सात मिनिटांचा होता. त्यातलं महत्त्वाचं सांगते. पर्याय मी आणले, निवड त्यांनी केली. एकच पर्याय नेला असता तर तो निर्णय झाला असता, आणि नुसतं “काय करूया?” विचारलं असतं तर माझं ओझं त्यांच्या डोक्यावर गेलं असतं. दुसरं, पुढचा दिवस आणि वेळ मी त्याच फोनमध्ये दिली. “पुन्हा कधीतरी” ही तारीख कुठल्याच कॅलेंडरवर नसते. तिसरं, रविवारी आम्ही खरंच गेलो. शनिवारी रात्री मला ताप आल्यासारखं वाटत होतं, तरी गेले. एकदा मोडलेला बेत दुसऱ्यांदा मोडला की पहिला फोन कितीही चांगला केलेला असो, तो पुसला जातो.

घरी पाहुणे जेवायला येणार असतील तर?

मग तुमच्या जोडीदाराला दोन ठिकाणी तोंड द्यावं लागतं, स्वयंपाकघरात आणि बैठकीत. पाहुणे तुमच्याकडचे असतील तर त्यांना फोन तुम्हीच करा. “वहिनी, मला नऊ होतील, पण तुम्ही वेळेवर या, जेवायला बसा, मी गोड खायला पोचते.” हे तुम्ही सांगितलंत की जोडीदाराला दारात उभं राहून तुमच्या वतीने सारवासारव करावी लागत नाही. आणि येताना जड काम तुमच्याकडे घ्या. दही, आइस्क्रीम, विड्याची पानं, जे वाटेत मिळेल ते.

त्या दिवशी उपवास असेल तर?

संकष्टीला विशेष लक्ष द्या. सांगलीत गणपतीचं मंदिर गावाच्या मधोमध, आणि संकष्टी घरोघरी. चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवून उपवास सुटतो, आणि ती वेळ दर महिन्याला बदलते, कधी साडेआठच्या आसपास, कधी साडेनऊच्याही पुढे. दिवसभर उपाशी असलेला माणूस तुमच्यासाठी आणखी तासभर थांबला तर ते प्रेम आहे, पण तुम्ही ते मागू नका, गृहीतही धरू नका. सकाळीच पंचांगात वेळ बघून ठेवा आणि संध्याकाळी स्पष्ट सांगा: “आज चंद्रोदय नऊ वाजून दहा मिनिटांनी आहे, मला दहा होतील. तू चंद्र दिसला की सोड, माझ्यासाठी एक मोदक ठेव.” वेळ तुम्हाला माहीत आहे, एवढ्यानेच समोरच्याला कळतं की तुम्हाला आठवण होती.

मी कुपवाडला कंपनीत आहे. शॉपवर फोन नेता येत नाही आणि ओव्हरटाइम ऐनवेळी सांगतात. काय करू?

जेवणाच्या नाहीतर चहाच्या सुट्टीत पहिला फोन घरी, मग चहा. आणि शिफ्टला जायच्या आधीच एक बोली करून ठेवा: “साडेसातपर्यंत माझा फोन आला नाही तर ओव्हरटाइम लागला असं धर आणि जेवून घे, मी दहापर्यंत येतो.” म्हणजे फोन न येणं हाच निरोप होतो. त्यात काळजीही कमी होते, कारण रात्री रस्त्यावरून येणाऱ्या माणसाचा फोन लागला नाही की घरच्यांच्या मनात काय काय येतं, हे सांगायला नको.

साहेब समोर असतील, मोकळं बोलता येत नसेल तर?

“नंतर बोलते, साडेनऊ होतील, तुम्ही जेवून घ्या” एवढं हळू आवाजात बोला, आणि मोकळ्या झालात की पुन्हा फोन करा. समोर माणसं आहेत म्हणून आवाज कोरडा झाला होता, हे त्या दुसऱ्या फोनमध्ये सांगून टाका. घरच्याला समोर साहेब दिसत नाहीत, त्याला फक्त तो आवाज ऐकू येतो.

समोरून नुसतं “बरं” आलं. म्हणजे राग आलाय का?

असेलही, नसेलही. मराठीतलं “बरं” फार अवघड. “बरं बरं” आलं तर बहुतेक सगळं ठीक असतं. “बरं.” असं पूर्णविरामासकट आलं, आणि एरवी तो माणूस पूर्णविराम देत नसेल, तर काहीतरी सलतंय.

तेव्हा लगेच “चिडलास का?” विचारू नका. त्याचं उत्तर “नाही” असंच येतं, आणि मग दोघंही अडकतात. त्यापेक्षा जे झालंय ते तुम्हीच नाव घेऊन म्हणा: “तू आज भरली वांगी केली होतीस ना, गरम खायची होती आपण. मला कळतंय.” एवढंच. पुढे “पण” लावू नका. “मला कळतंय, पण काय करू, काम आहे ना” यातला “पण” आला की आधीचं सगळं पाण्यात जातं. मी स्वतः हे खूप उशिरा शिकले. आता वाक्य “पण”च्या आधी थांबवते आणि मनात काय असेल ते आल्यावर बोलते.

आणि कधी कधी राग येऊ द्यावा. भाकरी थापून झाल्यावर फोन केलात तर राग येणारच, तो योग्यच आहे. त्याला गोड बोलून लगेच बुजवायला जाऊ नका.

आठवड्यातून तीन-तीनदा होतंय. दर वेळी काय नवीन सांगणार?

मग रोज संध्याकाळी सांगणं हा उपायच नाही. महिन्याच्या सुरुवातीला बसून सांगा. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर १०, ११, १९ आणि २० तारखेला लाल पेनाने गोल करतो. मार्चमध्ये शेवटचे दहा दिवस. त्या दिवशी घरी काय शिजतं तेही ठरलेलं आहे: खिचडी किंवा आमटी-भात, म्हणजे परत गरम करता येईल असं. भाकरी-पिठल्याचा बेत त्या दिवशी नसतो. आणि गोल नसलेल्या दिवशी मी सातला घरात असते. गोल नसलेल्या दिवशी उशीर झाला तरच तो खरा उशीर, आणि त्यासाठी फोन.

तुमच्या कामाला अशा ठराविक तारखा नसतील, साहेबांच्या मर्जीवरच सगळं असेल, आणि तरीही आठवड्यात तीन दिवस जात असतील, तर घरी कसं सांगायचं हा प्रश्न मागे पडतो. तेव्हा ऑफिसात काय सांगायचं हे बघायला हवं. जोडीदाराने किती समजून घ्यावं याला मर्यादा आहे, आणि ती गोड मेसेजने लांबत नाही.

घरी आल्यावर काय करावं?

आल्याआल्या दिवसभराचं गाऱ्हाणं सुरू करू नका. समोरचा माणूसही दमलेला असतो, आणि तुमच्या उशिराचं त्याने संध्याकाळभर निभावलेलं असतं. मी हात-पाय धुऊन आधी स्वयंपाकघरात जाते. ताट झाकलेलं असतं. आमटी मी स्वतः गरम करते, ह्यांना उठू देत नाही, तसं मी सांगितलेलं असतं आणि सांगितलेलं पाळायचं असतं. जेवताना एक गोष्ट मुद्दाम विचारते, मुलाने काय केलं, आईंचे गुडघे कसे आहेत, शाळेत काय झालं. मग आपलं सांगायचं.

जेवल्यावर भांडी मी घासते. उशीर झालेल्या दिवशी ती माझ्याकडे, हे आमच्यात न बोलता ठरलेलं आहे.

सांगायलाच विसरले आणि थेट साडेनऊला घरी पोचले, तर?

कारण सांगू नका, आधी चूक सांगा. “मी कळवायला हवं होतं, विसरले. तुम्ही थांबून राहिलात.” काम किती होतं ते त्या रात्री नकोच, उद्या सकाळी चहाला सांगा. त्या रात्री ते थांबून राहिले असतील तर दोघांची ताटं वाढा आणि एकत्र जेवायला बसा, भूक मेली असली तरी.